गोल्डन रूल्स की पाच गट? आउटस्टँडिंग रेंटवरून पेटलेला वाद

वर्षा, फोंडा
मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. ट्यूशनचे सर पर्सनल, रिअल, नॉमिनल आणि तीन गोल्डन रूल्स घोकून घेतात. शाळेतल्या बाई मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च असे पाच गट धरून शिकवतात. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, पण आउटस्टँडिंग रेंट आलं की ती अडते. सर म्हणतात पर्सनल, तिला ते नॉमिनल वाटतं. नवख्याला कुठली पद्धत सोपी? एकच धरावी का?

निवृत्त मास्तर, म्हापसा
सरांचं बरोबर आहे. भाडं हा खर्च, म्हणून भाडे खातं नॉमिनल. पण आउटस्टँडिंग रेंट म्हणजे घरमालकाचं आपल्याकडे अडकलेलं येणं. वहीत घरमालकाचं नाव लिहिलं नाही एवढंच, खातं त्याचंच. म्हणून पर्सनल. त्याने जागा वापरायला दिली, तो देणारा, म्हणून क्रेडिट. एकदा ही गोष्ट कळली की प्रीपेड इन्शुरन्स, आउटस्टँडिंग पगार, आगाऊ मिळालेलं व्याज, सगळं त्याच मापाने मोजता येतं. आमच्या पिढीने याच तीन नियमांवर हयात काढली, आणि वह्या जुळत होत्या.

दत्ता, साखळी
मास्तर, वह्या जुळत होत्या याबद्दल वाद नाही. मी कर-सल्लागाराच्या ऑफिसात बसतो. दर जूनमध्ये दुकानदारांच्या वह्या टेबलावर येतात आणि हीच एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. वर्षाताई, मुलीला हे उदाहरण कागदावर करायला सांगा.

म्हापशात काजूचं दुकान आहे असं धरू. भाडं महिना १२,००० रुपये. मालक कुवेतला, त्यामुळे मार्चचं भाडं ३१ मार्चपर्यंत द्यायचं राहून गेलं. नोंद अशी:

भाडे खाते डेबिट १२,०००
आउटस्टँडिंग रेंट क्रेडिट १२,०००

इथपर्यंत दोन्ही पद्धतींनी मुलं पोचतात. ५ एप्रिलला मालक आला आणि मार्च-एप्रिल मिळून २४,००० चा चेक दिला. आता गोल्डन रूल घोकलेला मुलगा काय करतो? «भाडं दिलं, भाडं म्हणजे खर्च, खर्च डेबिट.» भाडे खाते डेबिट २४,०००, बँक क्रेडिट २४,०००. नियमाच्या भाषेत त्यात चूक कुठेच दिसत नाही.

पण यातले १२,००० हा नव्या वर्षाचा खर्च नाही. ते जुनं देणं फेडलंय. बरोबर नोंद:

आउटस्टँडिंग रेंट डेबिट १२,०००
भाडे खाते डेबिट १२,०००
बँक क्रेडिट २४,०००

पाच गटांची सवय असलेल्या मुलीने एवढंच विचारायचं: बँकेतले २४,००० कमी झाले, मग दुसऱ्या बाजूला काय हललं? एक देणं संपलं आणि एक महिन्याचा नवा खर्च झाला. देणं संपलं हे दिसल्याशिवाय तिला पुढे जाताच येत नाही.

आणि ही चूक ट्रायल बॅलन्समध्ये पकडली जात नाही. डेबिट-क्रेडिट जुळलेलंच असतं. पुढच्या मार्चचं भाडं वेळेत दिलं तरी वर्षअखेरीला भाडे खात्यात १,५६,००० दिसतात. बाराने भागलं की १३,००० येतात, आणि करारात तर १२,०००! शिवाय ताळेबंदात आउटस्टँडिंग रेंट १२,००० तसंच लोंबकळत असतं, जे कुणाला द्यायचंय ते कुणालाच माहीत नसतं.

निवृत्त मास्तर, म्हापसा
दत्ता, अर्धंच सांगितलंस. १ एप्रिलला उलट नोंद करण्याची पद्धत आहे ती विसरलास. आउटस्टँडिंग रेंट डेबिट, भाडे क्रेडिट. मग ५ तारखेला पूर्ण २४,००० भाड्यालाच टाकले तरी वर्षाचं भाडं बरोबर १,४४,००० येतं. आमचे जुने मुनीम हेच करायचे. खोट नियमात नाही, उलट नोंद न करणाऱ्यात आहे.

दत्ता, साखळी
मान्य, उलट नोंद केली असेल तर २४,००० भाड्यालाच बरोबर. पण अकरावीच्या मुलीला ती उलट नोंद का करायची हे गोल्डन रूल सांगतो का? तिला फक्त «करतात» एवढंच कळतं.

रोहन, म्हापसा
मी यंदा बारावीला. एवढं काय अवघड आहे? मॉडर्न पद्धत म्हणजे वाढलं की डेबिट, घटलं की क्रेडिट. संपलं.

दत्ता, साखळी
रोहन, मालमत्ता आणि खर्च एवढ्यापुरतं तुझं बरोबर. पण पाचांतले तीन गट उलटे चालतात. देणं, भांडवल आणि उत्पन्न वाढलं की क्रेडिट. तुझ्या सूत्राने बँकेचं कर्ज घेतलंस तर बँक डेबिट आणि कर्जही डेबिट होईल, नोंद जुळणारच नाही. मालमत्ता = देणी + भांडवल हे समीकरण डोळ्यासमोर धर. डावीकडचं वाढलं की डेबिट, उजवीकडचं वाढलं की क्रेडिट. खर्चाने भांडवल घटतं म्हणून खर्च डेबिट, उत्पन्नाने भांडवल वाढतं म्हणून उत्पन्न क्रेडिट. पाच गट एवढ्या एकाच ओळीतून निघतात.

निवृत्त मास्तर, म्हापसा
आणि मग ड्रॉइंग्ज आलं की? मालकाने घरच्या चतुर्थीला दुकानातून काजू नेले, खरेदी किमतीने १,८०० रुपयांचे. तुझ्या समीकरणात मुलगी विचारणार, ड्रॉइंग्ज ही मालमत्ता, देणं की खर्च? काहीच नाही. मग तू सांगणार, भांडवलातून वजा होतं म्हणून डेबिट. म्हणजे एक जास्तीची उडी. आमच्यात सरळ आहे. माल घेतला कुणी? मालकाने. घेणारा डेबिट. चौथीतलं पोर सांगेल.

दत्ता, साखळी
ड्रॉइंग्जला तुमचा नियम सरस, हे मान्य करतो. पण त्याच नियमाने बुडीत उधारीत पोरं कशी फसतात ते सांगतो. कळंगुटच्या एका शॅकवाल्याने १८,५०० चे काजू उधारीवर नेले. सीझन संपला, शॅक उतरली, माणूस गायब. ३१ मार्चला रक्कम बुडीत धरली. बुडीत कर्ज डेबिट १८,५००, शॅकवाल्याचं खातं क्रेडिट १८,५००. मास्तर, नियम म्हणतो देणारा क्रेडिट. शॅकवाल्याने दिलं काय?

निवृत्त मास्तर, म्हापसा
दिलं काहीच नाही. आपण त्याच्यावरचा हक्क सोडला म्हणून त्याचं खातं बंद केलं. प्रश्न वाजवी आहे. वर्गात पोरांनी हे विचारलं की मी म्हणायचो, «तोटा तर डेबिट झाला, आता दुसरी बाजू जाणार कुठे?» नियमाचं हे स्पष्टीकरण नव्हे, त्यातून केलेली सुटका आहे, हे मलाही ठाऊक होतं.

दत्ता, साखळी
आता याच्या पुढचं पाहा, खरी गंमत तिथे आहे. नोव्हेंबरात नवा सीझन लागला, शॅकवाला परत आला आणि ६,००० रोख देऊन गेला. गोल्डन रूलवाली मुलगी लगेच लिहिते: रोख येते ती डेबिट, देणारा शॅकवाला क्रेडिट. नियम तंतोतंत पाळला, तरी नोंद चुकली. त्याचं खातं मार्चमध्येच शून्य झालं होतं. आता त्यात ६,००० क्रेडिट शिल्लक दिसणार, म्हणजे जणू आपणच त्याचे ६,००० देणं लागतो.

पाच गटांनी विचार केला तर रोख ही मालमत्ता वाढली. शॅकवाल्याकडची उधारी तर आधीच पुसलेली, घटायला शिल्लक काहीच नाही. कुठलं देणं वाढलं का? नाही. मग उरतं उत्पन्न. म्हणून बुडीत कर्ज वसुली खातं क्रेडिट ६,०००. ते नफा-तोटा खात्याला जातं.

ही चूक टॅलीत लगेच दिसते. Sundry Debtors ची यादी उघडायची आणि कोणापुढे Cr शिल्लक आहे ते बघायचं. उधारीच्या यादीत Cr दिसला की दोनच शक्यता असतात, खरंच आगाऊ पैसे आलेत किंवा अशी काहीतरी नोंद चुकलीय.

शैला, काणकोण
तुमचं शाळेचं चाललंय, पण आमचंही एक बघा. आमचा छोटा होमस्टे आहे. मार्चमध्ये एका पाहुण्याने मे महिन्याच्या सुट्टीसाठी ५,००० ॲडव्हान्स गुगल पेने पाठवले. एकूण बिल १४,०००. मी ते मार्चमध्येच «रूम भाडे» म्हणून उत्पन्नात लिहिले. आमच्या अकाउंटंटने ते खोडून काढले आणि म्हणे हे उत्पन्न नव्हे. पैसे तर आले ना बँकेत? मग उत्पन्न नाही तर काय?

निवृत्त मास्तर, म्हापसा
शैलाबाई, अकाउंटंटचं बरोबर आहे, आणि ऐका दत्ता, इथे आमचा नियम जिंकतो. पैसे कुणी दिले? पाहुण्याने. देणारा क्रेडिट. बँक डेबिट ५,०००, पाहुण्याचं खातं क्रेडिट ५,०००. रूमभाड्याचा विचार करण्याआधी नजर माणसावर जाते. मेमध्ये पाहुणा राहून गेला की पाहुण्याचं खातं डेबिट १४,०००, रूम भाडे क्रेडिट १४,०००. उरलेले ९,००० आले की बँक डेबिट, पाहुणा क्रेडिट. खातं मिटलं. पाच गटांची सवय असलेलं पोर पैसे आले बघून «उत्पन्न वाढलं» म्हणून मोकळं होतं, कारण देणं वाढलं हे त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. समोर उभा असलेला माणूस दिसतो.

दत्ता, साखळी
खरं आहे. ॲडव्हान्सच्या बाबतीत मुलं «उत्पन्न» म्हणून घसरतात, आणि मार्च-मे असल्यामुळे शैलाताईंचं उत्पन्न चुकून आधीच्या वर्षात गेलं असतं. माझ्या पद्धतीत एक प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो: आज पाहुणा आला नाही तर हे पैसे माझेच राहणार का? परत करावे लागले असते, म्हणून ते देणं.

शैला, काणकोण
पण आमच्याकडे बुकिंग रद्द केलं तर पैसे परत नाही, असं लिहिलेलं आहे.

दत्ता, साखळी
तरीही मार्चमध्ये ते देणंच. पैसे परत करायचे नसले तरी खोली द्यायचं देणं तुमच्यावर आहेच. माझा वरचा प्रश्न त्यामुळे अपुरा पडला, तो असा विचारा: या पैशांच्या बदल्यात मी काही द्यायचं राहिलंय का? ज्या दिवशी पाहुणा बुकिंग रद्द करेल किंवा न येता तारीख निघून जाईल, त्या दिवशी पाहुण्याचं खातं डेबिट ५,०००, बुकिंग रद्द उत्पन्न क्रेडिट ५,०००. आणि जीएसटीचं तुमच्या अकाउंटंटला विचारा, ते इथे घुसडलं तर वर्षाताईंची मुलगी पळून जाईल.

आनंद, डिचोली
मला एक कळत नाही. बँकेत पैसे भरले की मेसेज येतो «खात्यात क्रेडिट». तुम्ही सगळे सांगता बँक डेबिट. मग बँक खोटी की तुम्ही?

निवृत्त मास्तर, म्हापसा
दोघेही खरे. मेसेज बँकेच्या वहीतून आलाय. त्यांच्या वहीत तुम्ही देणारे, म्हणून तुम्ही क्रेडिट. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँक डेबिट. वर्षाबाईंचा प्रश्न याहून वेगळा आहे, पण मुलीला सांगून ठेवा, पासबुक समोर ठेवून बँकेचे डेबिट-क्रेडिट शिकवू नका. पोरं हमखास उलटी शिकतात.

रोहन, म्हापसा
दत्ताभाऊ, टॅलीत रिअल, नॉमिनल असं कुठे विचारतात? मी कोर्स करतोय, तिथे कधी दिसलं नाही.

दत्ता, साखळी
विचारत नाहीच. नवा लेजर उघडला की Under समोर गट निवडायचा. भाडं Indirect Expenses खाली, आउटस्टँडिंग रेंट Current Liabilities किंवा Provisions खाली, काजू घेऊन जाणारी हॉटेलं Sundry Debtors खाली. हे सगळं पाच गटांचंच विस्तारलेलं रूप. गट चुकीचा निवडला की खर्च थेट ताळेबंदात जाऊन बसतो आणि नफा फुगतो. नोकरीला लागलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून याच भाषेत काम करावं लागतं, म्हणून मी पाच गटांची बाजू घेतो.

निवृत्त मास्तर, म्हापसा
आणि एकच पार्टी दोन्हीकडे असेल तेव्हा? आमच्या वाड्यावरच्या पदेराला दुकानदार मैदा विकतो आणि रोज सकाळी त्याच्याकडून पाव घेतो. एक आठवडा पदेर देणं लागतो, दुसऱ्या आठवड्यात दुकानदार. तो मालमत्ता की देणं? तुझी टॅली आधीच गट मागते. आमच्या वहीत पदेराचं एकच पान, दिलं-घेतलं दोन बाजूंना, शिल्लक जिकडे पडेल तिकडे.

दत्ता, साखळी
टॅलीतही एकच लेजर ठेवता येतो, पण तो Debtors किंवा Creditors यांपैकी एका गटात टाकावा लागतो, आणि शिल्लक उलटली की चुकीच्या गटात जाऊन बसते. वर्षअखेरीला बघून हलवावी लागते. हा मुद्दा तुमचा.

रोहन, म्हापसा
मग परचेस खातं रिअल की नॉमिनल? आमच्या सरांनी रिअल सांगितलं, कारण माल येतो. ट्यूशनवाल्यांनी नॉमिनल.

निवृत्त मास्तर, म्हापसा
हा वाद माझ्या स्टाफरूममध्येही मिटला नाही. माल ही वस्तू, म्हणून काही जण रिअल म्हणायचे. पण परचेस खातं ३१ मार्चला ट्रेडिंग खात्यात बंद होतं, पुढच्या वर्षात जात नाही, त्यामुळे ते नॉमिनलसारखं वागतं. मी नॉमिनलच्या बाजूचा.

दत्ता, साखळी
मी म्हणतो खर्च. पण मग ३१ मार्चला न विकलेले काजू मालमत्ता म्हणून परत येतात, हेही तितकंच खरं. पुस्तकं यावर वेगवेगळं सांगतात, म्हणून परीक्षेत सरांचं लिही. नोंद बदलत नाही: परचेस डेबिट.

वर्षा, फोंडा
सगळ्यांनी खूप लिहिलंत. मला एवढं समजलं की आउटस्टँडिंग रेंटला ती «भाडं» हा शब्द बघून नॉमिनल म्हणते. मग परीक्षेत तिने काय लिहावं? पेपरात «खात्याचा प्रकार सांगा» हा प्रश्न येतो म्हणे.

निवृत्त मास्तर, म्हापसा
प्रकार विचारला तर प्रातिनिधिक पर्सनल असंच लिहायचं. तिला सांगा, खात्याच्या नावापुढे आउटस्टँडिंग, प्रीपेड, ॲक्रूड किंवा आगाऊ मिळालेलं लागलं की ते खातं माणसाचं झालं. भाडे खातं नॉमिनल, त्याला आउटस्टँडिंग जोडलं की पर्सनल. एवढी खूण पुरते.

दत्ता, साखळी
प्रकार विचारला तर मास्तरांचं उत्तर. नोंद करायची असेल तर आधी शेजारी पेन्सिलीने पाच गटांपैकी काय वाढलं, काय घटलं ते लिहायचं, मगच डेबिट-क्रेडिट. शाळेतल्या बाई शिकवतात तसंच. दोन्ही एकाच वेळी मनात खेळवायला लागली तर मात्र ती गोंधळेल. माझ्याकडे येणारी नवी मुलं त्यातच अडकतात: अर्धा नियम इकडचा, अर्धा तिकडचा, म्हणजे «घेणारा डेबिट» म्हणून सुरू करतात आणि «देणं वाढलं» म्हणून संपवतात.

निवृत्त मास्तर, म्हापसा
तेही ठीक. पण ड्रॉइंग्ज आणि ॲडव्हान्स आलं की माझ्याकडेच या म्हणावं.

शैला, काणकोण
मास्तर, एक राहिलंच. त्या पाहुण्याने आता तारीख बदलून डिसेंबर मागितलाय. खातं तसंच ठेवू का?

दत्ता, साखळी
तसंच ठेवा. ५,००० पाहुण्याच्या खात्यात क्रेडिट, डिसेंबरमध्ये तो राहून गेला की बिलातून वजा. फक्त नोंदीच्या शेऱ्यात नवी तारीख लिहून ठेवा, नाहीतर तोपर्यंत हे पैसे कोणाचे ते तुमच्याच लक्षात राहणार नाही.